मेढ्याचं आष्ट्याला सांगायचं नाही

बजरंग शेलार गेल्या शनिवारी मेढ्याहून एसटीने एकटाच आष्ट्याला गेला, दिनकर कांबळ्याच्या घरी मुक्कामाला राहिला आणि रविवारी दुपारच्या गाडीने परतला. दिनकरच्या पत्नी सुमनवहिनी यांनी फोनवरून या बातमीला दुजोरा दिला. दोघांत काय बोलणं झालं, याचा तपशील मिळू शकला नाही.

एवढ्या बातमीसाठी मला स्कूटरवरून तीन दिवसांत तीनशे किलोमीटर फिरावं लागलं आणि नंतर पाच आठवडे गप्प बसावं लागलं. जुन्या वह्यांतली प्रवासटिपणं मी या ब्लॉगवर उतरवतोय, त्यांतलं हे नव्वदच्या दशकातलं. मी तेव्हा कराडला एका दैनिकाचा वार्ताहर होतो. महामार्ग दुपदरी होता, पेट्रोल वीस-बावीस रुपये लिटर होतं. दर तेव्हाचे समजावेत. टिपण मात्र होतं तसंच ठेवलं आहे, कारण हा रस्ता अजूनही तितकाच सुंदर आहे आणि ज्या कामासाठी मी निघालो होतो ते काम आजही पुष्कळांना पडतं.

आधी माणसं सांगतो. बजरंग, दिनकर आणि मी कॉलेजात असताना कराडला एका खोलीत राहायचो. एक स्टोव्ह, दोन पातेली, तिघांत एकच चांगला शर्ट. बजरंग वर्षभरात कॉलेज सोडून फौजेत गेला, हवालदार होऊन निवृत्त झाला आणि आता मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत भातशेती करतो. दिनकर आष्ट्याच्या शाळेत गणित शिकवतो. नकाशा काढून पाहिलात तर मेढा वर, आष्टा खाली आणि कराड मधे. मी मधे. आमच्या गोष्टीतही तसंच होऊन बसलं होतं.

भांडण बजरंगच्या मुलीच्या लग्नातलं, गेल्या मे महिन्यातलं. आमच्याकडे अक्षतांच्या आधी माईकवरून एकेक नाव पुकारतात आणि टॉवेल-टोपी, नारळ देऊन सत्कार करतात. भावकी, पाहुणे, सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळ्यांची नावं झाली. माझंही झालं. दिनकर पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं नाव आलंच नाही. अक्षता पडल्यावर तो उठला आणि न जेवता आष्ट्याला निघून गेला. दिनकरचं म्हणणं, भर मांडवात नेमकं माझंच नाव राहिलं. बजरंगचं म्हणणं, माझ्या लेकीच्या लग्नातून हा उपाशी गेला, हे मी मेलो तरी विसरणार नाही.

पुढचे आठ महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. बोलले ते माझ्याशी. बजरंगची आंतरदेशीय पत्रं यायची, तिन्ही बाजूंनी आणि घडीच्या आतसुद्धा लिहिलेली. दिनकर रविवारी सकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचा. मी दोघांचं ऐकायचो, ‘हं, हं’ म्हणायचो. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटायचं. दोन शहाणी माणसं आपल्याजवळ मन मोकळं करतात याचा एक मान असतो. शिवाय दोन्ही बाजू ऐकणं हा आमच्या धंद्याचा पहिला धडा, त्यामुळे आपण काहीतरी चांगलं करतोय असंच मला वाटत होतं.

मग जानेवारीत एका दिवशी टपालात दोघांची पत्रं एकदमच आली. दिनकरच्या थोरल्या मुलीचं, रेखाचं, लग्न मेमध्ये ठरलं होतं. त्यानं विचारलं होतं, बजरंगला पत्रिका पाठवावी की नको, ते तू सांग. बजरंगला कुठून तरी कळलं होतं. त्यानं विचारलं होतं, बोलावणं आलं तर जावं की नको, ते तू ठरव. आणि दोघांच्याही पत्रात जवळपास सारखंच एक वाक्य होतं. तुझंही मत माझ्यासारखंच आहे, हे मला माहीत आहे.

मी दोन्ही पत्रं शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसलो. माझ्या प्रत्येक ‘हं’चा हिशेब दोघांनी आपापल्या बाजूला धरला होता. बायकोला, शैलाला, दाखवली. ती म्हणाली, “त्या दोघांना भांडायला तुम्ही लागता. तुम्ही नसलात तर एकमेकांशी भांडतील, आणि मिटेल तरी.”

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला. हे पत्रातून सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर तर नाहीच, कारण फोनच्या त्या टोकाला दिनकरच्या मागे बूथवर चार माणसं उभी असतात. समोरासमोर सांगायचं, दोघांना एकच गोष्ट, एकाच शब्दांत. बातमीचा कागद घेऊन ते शब्द लिहून काढले. चार वेळा खोडले. शेवटी राहिलं ते एवढंच: “तुम्ही दोघेही मला हवे आहात. त्याच्याबद्दल जे बोलायचं ते त्याच्याशी बोल. मी ते ऐकणार नाही आणि पोचवणारही नाही. बाकी सगळं माझ्याशी बोल. हेच मी त्यालाही सांगतोय.” कोण बरोबर, कोण चूक, हे त्यात मुद्दाम ठेवलं नाही. ते आलं असतं तर मी पुन्हा पंचच झालो असतो.

पहिला दिवस: कराड ते मेढा

सकाळी सातला निघालो. जानेवारीत या रस्त्यावर स्कूटर चालवणार असाल तर कानटोपी आणि शांत डोकं, दोन्ही घ्या. साखर कारखाने सुरू असतात. उसाच्या ट्रॉल्या, मागे कसलाही दिवा नसलेल्या बैलगाड्या, त्यातून पडलेली वाढी, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणि त्यावर घसरणारी चाकं. उंब्रजला थांबून मिसळ खाल्ली. साताऱ्यात पोवई नाक्यावर बजरंगच्या घरी द्यायला कंदी पेढे घेतले. अजिंक्यताऱ्यावर तेव्हा ऊन नुकतंच चढत होतं.

साताऱ्याहून मेढा पंचवीसेक किलोमीटर. कण्हेर धरणाचं पाणी एका बाजूला लागलं की वेग आपोआप कमी होतो. मेढ्याच्या दिशेला डोंगर एकामागे एक उभे राहतात, आणि सकाळी उशिरापर्यंत वेण्णा नदीवरून धुक्याची एक पट्टी हलत नाही. माणसं महाबळेश्वरला जाण्यासाठी या रस्त्याने भरधाव निघून जातात. माझं सांगणं, मेढ्याला उतरा. स्टँडजवळ चहा तीन रुपयाला मिळाला, आलं घालून, उकळून काळा झालेला, आणि समोर पूर्ण डोंगर.

बजरंगची वाडी तिथून चार किलोमीटर वर, कच्च्या रस्त्याने. तो अंगणातच उभा होता, फौजी बूट घालून. भात काढून झालं होतं, खाचरं मोकळी पडली होती, आणि त्यातल्या एकात त्यानं गहू लावला होता. वाफे असे सरळ की दोरी धरून काढल्यासारखे. दगडी बांध त्यानं स्वतः रचला आहे, एका बाजूला अर्धा फर्लांग. सिमेंट नाही. हात लावून बघितला, एकही दगड हलत नव्हता.

मी ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगायचं. सांगितलं नाही. हुलग्याची आमटी, नाचणीची भाकरी, वर तूप, अशा ताटासमोर ते शब्द निघेनात. त्यामुळे जेवणानंतर बांधावर फिरताना बजरंगनं सुरुवात केली आणि मी भिडेपोटी पाऊण तास ऐकून घेतलं. ही माझी चूक. जे काम करायला आपण आलोय त्याच्या बरोबर उलटं काम मी पाऊण तास केलं. वाचकांपैकी कुणाला हेच करायचं असेल तर आधी सांगा, मग जेवा.

पण त्या पाऊण तासात एक गोष्ट कळली. बजरंग म्हणाला, “घरच्या माणसाला टोपी घालतात व्हय रं? कोठीची चावी त्याच्यापाशी हुती. आदल्या दिवसापासनं तांदूळ, गूळ, तेल, समदं त्याच्या हातनं निघत हुतं. चावी पावण्याकडं देतात का? माझ्या सख्ख्या भावाचं नाव तरी पुकारलं का? न्हाई पुकारलं. मग ह्याचं कसं पुकारायचं?”

मी जागच्या जागी थांबलो. ही ओळ मी आधी वाचली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, घरच्याला कसली टोपी. मला ते वाक्य टोमण्यासारखं वाटलं. दिनकरला ते लागेल म्हणून मी त्याला फोनवर सांगितलं होतं, अरे, गडबडीत तो विसरला, त्याला फार वाईट वाटतंय. बजरंगलाही असंच सांगितलं होतं, दिनकरचं पोट बिघडलं होतं म्हणून तो जेवला नाही. वीस वर्षं लोकांच्या बातम्या कापून, धार घालवून, बोथट करून छापल्यात. तोच हात मी दोघा मित्रांवर चालवला होता, आणि नेमकी कामाची ओळ कापली होती. बजरंग आठ महिने एका अशा दिनकरवर चिडला होता जो पोटदुखीचं खोटं सांगतो, आणि दिनकर एका अशा बजरंगवर, जो त्याला विसरतो. ही दोन्ही माणसं मीच तयार केली होती.

मग खिशातला कागद न काढता, पाठ होते तसे शब्द सांगितले. आणि त्याआधी पोटदुखीचं सांगितलं. ते दिनकरचं नव्हे, माझं होतं, असं.

बजरंग बांधावर टेकला. मग म्हणाला, “म्हंजे तू त्याच्याकडचा.”

मी म्हटलं, उद्या आष्ट्यात तोही हेच म्हणेल.

त्याला हसू आलं नाही. तो म्हणाला की बाहेरच्या कुणाजवळ हे बोलायची सोय नाही, भावकीत बोललो तर भावकी वेगळंच काहीतरी त्यातून काढेल, आणि तूही दार लावलंस तर मी काय म्हशीला सांगू.  मी एवढंच म्हणालो की दार लावलेलं नाही, त्या दारातून दिनकर सोडून सगळं येऊ दे. त्याचा गुडघा, मुलीचं सासर, पेन्शनीचा अडकलेला कागद, सगळं.

“मग एवढंच त्याला सांग,” तो म्हणाला, “की मी विसरलो न्हवतो. ह्ये एकदाच. मग न्हाई सांगणार.”

खरं सांगायचं तर या संपूर्ण प्रवासात मोह पडला तो इथेच. ती एक ओळ आष्ट्याला नेली असती तर कदाचित त्याच संध्याकाळी सगळं मिटलं असतं. पण ती मी नेली असती तर पुढचीही मलाच न्यावी लागली असती, मेमधली पत्रिकाही आणि त्याचं उत्तरही. शिवाय माझ्या तोंडून आलेल्या ओळीवर दिनकरनं आता विश्वास तरी का ठेवावा? मी नाही म्हटलं. बजरंग उठून गोठ्यात गेला आणि म्हैस धुवायला लागला. म्हैस सकाळीच धुतलेली होती.

सकाळी निघताना त्यानं स्कूटरला पिशवी अडकवली, पाच किलो इंद्रायणी. किक मारली तेवढ्यात तो म्हणाला, “पर वसंता, त्या दिवशी दिनकरनं चावी शेजाऱ्याच्या…” आणि थांबला. मी काही बोललो नव्हतो, हातही वर केला नव्हता. त्यानं स्वतःच वाक्य तिथे तोडलं आणि म्हणाला, “जा. सावकास जा. घाटात लय दगड हाय.”

मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. वाक्य अर्ध्यात थांबवण्यासाठी लागणारी ताकद मी फार कमी जणांत पाहिली.

दुसरा दिवस: मेढा ते आष्टा

हा लांबचा टप्पा, सव्वाशे किलोमीटर. कराडवरून जाताना घरी वळलो नाही, वळलो असतो तर राहिलो असतो. कराडच्या पुढे पेठ नाक्याला महामार्ग सोडायचा आणि डावीकडे इस्लामपूरला लागायचं. डोंगर मागे राहतात. जमीन सपाट, काळी, आणि दोन्ही हातांना ऊसच ऊस. रस्त्याकडेला गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. रस मागितला तर पैसे घेत नाहीत, गरम गूळ आग्रहानं हातावर ठेवतात. मी ज्या गुऱ्हाळावर थांबलो तिथला गुळव्या काहिलीतल्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांनी चाचपून सांगायचा, अजून एक आच. त्याला घड्याळ लागत नव्हतं. अर्धा तास मी नुसता त्याचे हात पाहत उभा होतो, आणि मनात आष्ट्याला काय बोलायचं ते घोकत होतो.

दिनकर शाळेतून आलेला होता. घर लहान, नीटनेटकं, पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि भिंतभर पुस्तकं. सुमनवहिनी चहा ठेवत होत्या आणि रेखा लग्नाच्या याद्यांची वही घेऊन बसली होती. या खेपेला शहाणपण सुचलं होतं. चहाचा कप हातात येण्याआधीच म्हटलं, दिनकर, जरा बाहेर चल.

शाळेच्या मैदानाला आम्ही दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत मी माझी चूक सांगितली. ‘तो विसरला’ हे शब्द बजरंगचे नव्हते, ते मी बनवले होते.

दिनकर थांबला. तो सावकाश बोलणारा माणूस आहे, फळ्यावर लिहीत असल्यासारखा. “आठ महिने मी तेवढ्याच एका शब्दावर भांडतोय. टाळलं असतं तर मी समजलो असतो, निदान माझी दखल तरी घेतली म्हणालो असतो. सत्तावीस वर्षांची ओळख आणि हा विसरतो. आणि ते तू घातलेलं होतंस?”

मी हो म्हटलं.

“तुला कळतं का, माझं काय झालं त्या मांडवात? चाळीस नावं पुकारली. माझं न्हाई. ती सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, वसंता. कुणाचं नाव राहिलं, हे बघायला लोकांना सांगावं लागत नाही. ते तुला न्हाई कळायचं. तुझं नाव राहिलं असतं तर लोक म्हणाले असते, राहिलं.”

 तो मला मत विचारत नव्हता. दुसऱ्या फेरीत मी ती चार-पाच वाक्यं सांगितली, मेढ्याला सांगितली होती तशीच, त्याच क्रमानं. मी घाबरलो होतो. वर्षानुवर्षांच्या मित्राला, तोही इतका दुखावलेला असताना, ‘हे माझ्याशी बोलू नकोस’ म्हणणं हे त्याला एकटं पाडणंच आहे की काय, असं वाटत होतं. म्हणून एक वाक्य जास्त घातलं. म्हटलं, तुझं दुखणं मी ऐकलं, ते खोटं नाही, आणि ते ज्यानं ऐकायला हवं तो मी नाही.

दिनकर म्हणाला, “म्हणजे त्याचं तुला पटलंय.”

आता मात्र मला हसू आलं. त्यानं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, हसण्याचं कारण मेढ्याचं आहे आणि मेढ्याचं आष्ट्याला सांगायचं नाही असं आजच ठरलंय.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलंच, “तो काय म्हणाला? टोपीबद्दल?”

ती ओळ माझ्या जिभेवर होती. कोठी, चावी, सख्खा भाऊ, सगळं.  चार-पाच पावलं गेलो असू. तेवढ्यात दिनकरच म्हणाला, “नको. सांगू नकोस. तू सांगितलंस तर मला परत शंका येईल, यातलं तुझं किती आणि त्याचं किती.”

गणिताचा मास्तर. मला दोन दिवस लागले ते त्यानं चार पावलांत सोडवलं.

घरी आल्यावर तो माझ्याशी तुटक वागत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, जेवण उत्तम झालं आणि बोलणं फक्त पाटबंधाऱ्याच्या पाण्याबद्दल. सुमनवहिनींनी एकदा मधेच विचारलं, भाऊजी, यादीत मेढ्याचं नाव घालू का? दिनकर आणि मी दोघेही ताटात बघत राहिलो. रेखा म्हणाली, “आई, काकांना नको विचारू. बाबांना विचार.” त्या पोरीला काही कळलं होतं की ती आपल्या अकलेनं बोलली, मला ठाऊक नाही.

तिसरा दिवस: हरिपूर आणि परत

सकाळी दिनकर म्हणाला, आज शाळेला सुट्टी, इतका आलाच आहेस तर हरिपूर दाखवतो. तो माझ्या मागे स्कूटरवर बसला. आष्ट्याहून सांगली वीसेक किलोमीटर, आणि सांगलीच्या पलीकडे तीन-चार किलोमीटरवर हरिपूर. कृष्णा आणि वारणा तिथे भेटतात. चिंचेच्या झाडांखालून संगमावर जाणारी वाट, घाट, देऊळ, आणि सकाळी अकरापर्यंत कुणीही नाही. इथे एक दिवस काढा, फुकट आहे.

हरिपूरची खरी नवलाई जमिनीखाली आहे. सांगलीच्या बाजारातली हळद इथल्या पेवांत ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, वर अरुंद तोंड आणि आत खोलीएवढी जागा. इथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं राहिली तरी कीड लागत नाही, रंग उतरत नाही. आम्ही गेलो तेव्हा एक पेव उघडत होते. वरची माती काढली, झाकण सरकवलं, आणि मग कुणीही आत उतरलं नाही. आधी हवा जाऊ द्यायची, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. हे काम बापापासून करणारे एक म्हातारे आजोबा काठावर उकिडवे बसून कंदिलाकडे बघत होते. दिनकरनं त्यांना विचारलं, किती वेळ थांबायचं? ते म्हणाले, “आवं गुर्जी, त्येला काय टाइम हाय? जळाय लागला की जायाचं.” दोनदा विझला. तिसऱ्यांदा जळत राहिला, आणि पिवळी धूळ उडवत एक गडी खाली उतरला. आम्ही बघत उभे होतो. दिनकर एवढंच म्हणाला की असली कामं पुस्तकातून शिकता येत नाहीत.

सांगलीत गणपतीच्या देवळाजवळ भडंग घेतलं, अर्धा किलो घरी, अर्धा किलो वाटेत खायला. दिनकरला आष्ट्यात सोडलं. निरोप घेताना तो म्हणाला, “मला राग आलाय तुझा. पण तो मी तुझ्याशीच बोललो, हे लक्षात घे.” संध्याकाळी सहाला कराडला पोचलो.

प्रवासाचा हिशेब सोपा आहे. पेट्रोल, चहा, मिसळ, पेढे, भडंग, तीन दिवसांत तीनशे रुपयांच्या आत. राहण्याचा खर्च नाही, मित्र असल्यामुळे. हे करायला हिवाळा उत्तम, रस्ता कोरडा असतो.

बाकीचा हिशेब मात्र घरी आल्यावर सुरू झाला. पुढच्याच रविवारी दिनकरचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पाणी, शाळा, परीक्षा असं बोलला आणि मग सवयीनं म्हणाला, अरे तो बजरंग… मी म्हटलं, दिनकर. तो म्हणाला, हो. आणि फोन ठेवला. बजरंगचं पत्र आलं, त्यातल्या अर्ध्या पानावर गुडघा होता आणि उरलेल्या अर्ध्यावर लिहून मग गिरवून गिरवून काळं केलेल्या ओळी होत्या. मी त्या उजेडात धरून वाचायचा प्रयत्न केला नाही. एकदा केला, पण वाचता आल्या नाहीत, फौजी माणूस काम अर्धवट करत नाही. उत्तरात गुडघ्याबद्दलच लिहिलं. दोघे माझ्यावर रुसले होते. पाच आठवडे त्या रविवारच्या फोनची जागा जवळजवळ मोकळीच होती, आणि मला कबूल करायला हवं, करमत नव्हतं. मधे असण्याची सवय लागलेल्या माणसाला बाजूला झाल्यावर हातांचं काय करायचं ते कळत नाही.

मनात मेढ्याचा बांध राहिला, गुऱ्हाळावरचे हात राहिले, हरिपूरची पिवळी धूळ अजून पायताणाच्या शिवणीत आहे. पण सगळ्यात जास्त राहिली ती बजरंगनं सकाळी तोडलेली ओळ आणि दिनकरचं ‘नको, सांगू नकोस’. मी त्यांना जे मागितलं ते फार अवघड होतं. चिडलेल्या माणसाकडून त्याचा ऐकणारा काढून घ्यायचा. दोघांनीही रागावून का होईना, ते दिलं.

आणि मग सुमनवहिनींचा फोन. बजरंग आला तेव्हा दिनकर शाळेत होता, तो दारातल्या पायरीवर बसून राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. दिनकर आल्यावर दोघे मैदानाकडे गेले. दोन तासांनी आले तेव्हा दोघांचेही आवाज बसलेले होते, एवढं वहिनींनी सांगितलं. मी पुढे विचारलं, मग? वहिनी म्हणाल्या, भाऊजी, मला सांगू नको म्हणून सांगितलंय. तुम्हाला तर मुळीच नको.

लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात आष्ट्याला आहे. बजरंग चार दिवस आधी तांदूळ घेऊन पोचणार आहे, पंगतीचं सगळं काम त्याच्याकडे राहील, असं कळतं. मी दिनकरला पत्र लिहून विचारलं, मी कधी येऊ, मला काय काम आहे? त्याचं कार्ड आलं: तुला काम नाही, तू नुसतं जेवायचं. बुंदी करावी की शिरा, यावरून दोघांचं आत्ताच वाजलं आहे आणि मांडवात ते आणखी वाजेल, असा अंदाज आहे. त्याबद्दलची कोणतीही माहिती मला दिली जाणार नाही, असं दोघांनीही स्वतंत्रपणे कळवलं आहे.